गोपनीय फाइल मेलने पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट कार्यालय आणि महापे युनिटमधल्या सर्व सहकाऱ्यांसाठी. पगार, पीएफ, बँक आणि कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे पूर्ण वाचावं. बाकीच्यांनी निदान फाइल चुकीच्या पत्त्यावर गेल्यास काय करायचं तो भाग वाचावा, कारण ती वेळ कुणावरही येऊ शकते.

## ही आठवण आत्ताच का? कुणाची चूक सापडली आहे का?

नाही. ही सूचना कुणा एकाला समोर ठेवून लिहिलेली नाही. महिनाअखेर ते पुढच्या महिन्याची 15 तारीख या दोन आठवड्यांत आपल्याकडून सर्वांत जास्त पगाराच्या फाइली बाहेर जातात. बँकेला जातात, पीएफच्या सल्लागारांना जातात, कंत्राटदारांना जातात. 15 तारीख ही पीएफ भरण्याची शेवटची तारीख असल्यामुळे 13 आणि 14 तारखेला सगळेच घाईत असतात. चुका अशाच वेळी होतात आणि चांगल्या, जबाबदार माणसांकडून होतात.

खाली लिहिलेली पद्धत मात्र ऐच्छिक नाही. ती सर्वांना, वरिष्ठांनाही, सारखीच लागू आहे.

## गोपनीय फाइल म्हणजे नेमकी कोणती?

सोपी कसोटी अशी: त्या फाइलमधली एक ओळ माझ्याबद्दलची असती आणि ती नोटीस बोर्डावर लागली असती, तर मला चाललं असतं का? नसतं, तर ती फाइल गोपनीय. पगारपत्रक, बँक खात्यांची यादी, पॅन आणि आधारच्या प्रती, वैद्यकीय बिलं, राजीनामे, चौकशीचे कागद, अजून न उघडलेली दरपत्रकं हे सगळं त्यात आलं. शंका आली तर गोपनीयच धरा.

आधारबाबत एक वेगळी सूचना. प्रत पाठवावीच लागली तर ‘मास्क्ड आधार’ वापरा. त्यात पहिले 8 अंक झाकलेले असतात आणि शेवटचे 4 दिसतात. कर्मचाऱ्याला तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घेता येतो.

## इतकी वर्षं मेल करतोय. चुकीच्या माणसाला फाइल जातेच कशी?

याचं उत्तर मी स्वतःच्या अनुभवावरून देते. इथे येण्यापूर्वी मी नवी मुंबईतल्या एका कारखान्यात पगाराचं काम बघत होते. 186 कामगार होते. 14 तारखेच्या संध्याकाळी पीएफच्या सल्लागारांना फाइल पाठवायची होती. मी फाइल जोडली, पत्त्याच्या रकान्यात त्यांच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकली, खाली नाव आलं, एंटर दाबलं आणि मेल पाठवून दिला. मग घरी निघाले.

ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोलीच्या पुढे असताना सल्लागारांचा फोन आला. “मॅडम, फाइल अजून आली नाही.” मी फोनवर पाठवलेले मेल उघडून बघितले. फाइल गेली होती, पण त्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थांना. ते आम्हाला पॅकिंगचे खोके पुरवायचे. त्या आठवड्यात एका बिलावरून त्यांच्याशी माझे चार-पाच मेल झाले होते, म्हणून पत्ता सुचवणाऱ्या यादीत त्यांचं नाव वर सरकलं होतं. एरवी तिथे सल्लागारांचंच नाव पहिलं असायचं आणि माझ्या बोटांना त्याची सवय झालेली होती.

मेल प्रोग्रॅम पत्ता सुचवतो तो आपण अलीकडे कुणाशी आणि किती वेळा बोललो ते बघून. या मेलमध्ये काय जोडलंय हे त्याला समजत नाही. मोबाइलवर तर बऱ्याचदा फक्त नाव दिसतं, पूर्ण पत्ता दिसतच नाही. म्हणून पगाराची किंवा ओळखपत्रांची फाइल मोबाइलवरून पाठवू नका. उभ्याने, गर्दीत, एका हाताने तर नाहीच नाही.

## मग पत्ता चुकू नये म्हणून काय करायचं?

तीन गोष्टी करायच्या, आणि याच क्रमाने.

आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सर्वांत शेवटी टाका. पत्ता रिकामा असेपर्यंत मेल चुकूनही जाऊ शकत नाही. नाव टाकून झालं की त्यावर माउस नेऊन @ च्या पुढचा भाग वाचा. सल्लागारांची फर्म आणि खोके पुरवणारी कंपनी यांच्यातला फरक तिथेच दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने पत्ते काढून टाकणं. नाव टाइप करताना जी यादी खाली येते, तिच्यात प्रत्येक नावाच्या उजवीकडे फुली असते. ज्यांच्याशी आता काम उरलेलं नाही त्यांच्यावर ती दाबा. आपल्याकडून गेलेल्या लोकांचे वैयक्तिक पत्तेही तिथे वर्षानुवर्षं राहतात.

तिसरी गोष्ट मेल थोडा वेळ रोखून धरण्याची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये तसा नियम लावता येतो:

```
File > Manage Rules & Alerts > New Rule
Apply rule on messages I send
defer delivery by a number of minutes
```

मिनिटांच्या जागी 5 टाका. मधल्या पायरीवर ‘हा नियम सगळ्या मेलना लागू होईल’ असं विचारलं जाईल, त्याला Yes म्हणा. त्यानंतर प्रत्येक मेल पाच मिनिटं Outbox मध्ये थांबतो आणि तिथून उघडून दुरुस्त करता येतो. तेवढा वेळ आउटलुक बंद करू नका, नाहीतर मेल तिथेच अडकून राहू शकतो. पाठवल्यावर लगेच ‘अरे, हे काय केलं’ असं लक्षात येतं, ते बहुधा या पाच मिनिटांतच.

## पाठवलेला मेल Recall करता येतो ना?

बाहेर गेलेला नाही. आउटलुकची ही सोय एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरती आहे. सल्लागार, बँक, पुरवठादार यांच्यापैकी कुणाच्याही मेलबॉक्समधून आपला मेल परत येणार नाही. उलट काही वेळा समोरच्याला ‘पाठवणाऱ्याला हा मेल परत हवा आहे’ अशी सूचना जाते, आणि मग ज्याने तो उघडला नव्हता तोही उघडून बघतो. जीमेलमधलं ‘अनडू’ जास्तीत जास्त 30 सेकंद चालतं आणि मुळात ते 5 सेकंदांवर लावलेलं असतं.

## मी नको असलेले कॉलम लपवूनच फाइल पाठवतो. तेवढं पुरत नाही का?

पुरत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

एक्सेलमध्ये कॉलम किंवा शीट लपवणं म्हणजे पडदा ओढणं. सामान खोलीतच असतं. शीटच्या नावावर उजवं क्लिक करून Unhide म्हटलं की सगळं समोर येतं. माझ्या त्या 14 तारखेच्या फाइलमध्ये मी पॅन, खाते क्रमांक आणि शेरा हे तीन कॉलम लपवले होते. तेव्हा मला वाटलं होतं की मी काळजी घेतली आहे.

हे मोठमोठ्या संस्थांच्या बाबतीतही घडलं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. विचारलेलं होतं फक्त कोणत्या हुद्द्यावर किती माणसं आहेत. पण फाइलमध्ये एक लपलेली शीट राहून गेली आणि तिच्यात जवळपास साडेनऊ हजार अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. फाइल काही तासच इंटरनेटवर होती. तेवढ्यात ती चुकीच्या हातांत पोहोचली. तिथे पोलिसात असणं हेच जिवाला धोक्याचं असू शकतं. पुढे त्या दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

लपलेल्या कॉलमपेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे पिव्हट टेबल. समजा तुम्ही विभागवार पगारखर्चाचा तक्ता पिव्हटने केला. आठ विभाग, आठ आकडे, खाली एकूण. मूळ पगारपत्रकाची शीट तुम्ही काढूनही टाकली. दिसायला फाइलमध्ये फक्त नऊ ओळी उरल्या. आता खालच्या एकूण रकमेवर दोनदा क्लिक करा. नवी शीट उघडते आणि तिच्यात सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सगळ्या ओळी, सगळे कॉलम परत येतात. पिव्हट टेबल मूळ माहितीची एक प्रत स्वतःजवळ साठवून ठेवतं, म्हणून हे होतं. महापेच्या प्रशिक्षणात हे करून दाखवलं तेव्हा खोलीतल्या बहुतेकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. वीस वर्षं एक्सेल वापरणारेही त्यांत होते.

## मग फाइल साफ कशी करायची?

मूळ फाइलमधून नको ते काढत बसू नका. नवी कोरी फाइल घ्या आणि तिच्यात हवं तेवढंच न्या. काढताना काहीतरी राहून जातं. नेताना फार तर एखादा कॉलम कमी जाईल, आणि समोरचा तो मागून घेईल.

पीएफच्या सल्लागारांचंच उदाहरण घेऊ. त्यांना काय लागतं? यूएएन, नाव, एकूण वेतन, पीएफला पात्र वेतन आणि बिनपगारी दिवस. बाकीचे आकडे यांवरून निघतात. पॅन, बँक खातं, पतपेढीचा हप्ता, फोन नंबर यांतलं काहीही त्यांना लागत नाही. तरी बहुतेक ठिकाणी आख्खं पगारपत्रक जातं, कारण तेच तयार असतं.

हवे ते कॉलम निवडा, मग `Alt + ;` दाबा. त्यामुळे फक्त दिसणारे सेल निवडले जातात. ही पायरी गाळली तर हाताने लपवलेले कॉलमसुद्धा कॉपीबरोबर जातात. फिल्टरने झाकलेल्या ओळी जात नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की लपवलेलं काहीच जात नाही. त्यानंतर नव्या फाइलमध्ये Paste Special मधून Values निवडा, म्हणजे फॉर्म्युले आणि जुन्या फाइलशी असलेले दुवे मागेच राहतात.

शेवटी एकदा हे चालवा:

```
File > Info > Check for Issues > Inspect Document
```

लपलेल्या ओळी, कॉलम, शीट, शेरे, लेखकाचं नाव असं काही उरलं असेल तर ते इथे कळतं. आणि फाइलचा आकार बघायची सवय लावून घ्या. दोनशे ओळी आणि पाच कॉलम यांची साधी फाइल वीस-तीस केबीच्या आसपास असते. तीच दोन एमबी दिसली तर आत आणखी काहीतरी आहे. शोधल्याशिवाय पाठवू नका.

पीडीएफमध्ये मजकुरावर काळा चौकोन काढून पाठवणाऱ्यांनी हेच लक्षात ठेवावं. चौकोनाखालची अक्षरं बऱ्याचदा तशीच असतात, कॉपी करून दुसरीकडे टाकली की वाचता येतात.

## शीटला पासवर्ड लावला आहे. चालेल?

कोणता पासवर्ड, यावर आहे. Protect Sheet चा पासवर्ड फक्त बदल करण्यापासून अडवतो. फाइल उघडते, सगळं वाचता येतं. मायक्रोसॉफ्टनेही तो सुरक्षेसाठी नसल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याला हवा तो हा:

```
File > Info > Protect Workbook > Encrypt with Password
```

याने फाइल खरोखर कूटबद्ध होते आणि पासवर्डशिवाय उघडतच नाही. पासवर्ड विसरलात तर मात्र मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही, म्हणून मूळ फाइल आपल्या सर्व्हरवर असू द्या आणि फक्त पाठवायच्या प्रतीला पासवर्ड लावा.

पासवर्ड 14 अक्षरांपेक्षा लहान नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमन लिपीत आणि मध्ये एखादा आकडा, एवढं पुरतं. कंपनीचं नाव आणि साल, जन्मतारीख, पॅन हे नको. खोलीत ठेवलेल्या फायलींवरून किंवा दुसऱ्या मेलवरून जे कळू शकतं तो पासवर्ड नव्हे.

मेलचा विषय आणि फाइलचं नाव कूटबद्ध होत नाही, हेही ध्यानात असू द्या. विषयात ‘अमुक यांची चौकशी’ असं लिहिलंत तर फाइल बंद ठेवूनही सांगायचं ते सांगून झालं.

## पासवर्ड दुसऱ्या मेलने पाठवतो. ते बरोबर आहे ना?

नाही, आणि हे बदलायला हवं. पहिल्या मेलला जो चुकीचा पत्ता सुचवला गेला, दुसऱ्या मेललाही तोच सुचवला जाणार. बऱ्याचदा तर आपण पहिल्याच मेलवर जाऊन ‘पासवर्ड पुढीलप्रमाणे’ असं लिहितो. मग कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे, तेही चुकीच्या.

पासवर्ड फोन करून सांगा. नंबर आपल्या नोंदीतला वापरा, मेलखाली लिहिलेला नाही. आणि सांगण्याआधी एवढं विचारा: “फाइल मिळाली का? नाव काय दिसतंय तिचं?” मिळाली नाही म्हणाले, तर पासवर्ड सांगू नका आणि पत्ता तपासा. माझ्या 14 तारखेला मी हा एक फोन केला असता तर चूक मी जागेवरून उठण्याआधीच कळली असती, आणि फाइल कुठेही गेलेली असली तरी बंदच राहिली असती. पासवर्डपेक्षाही मला या फोनचा आधार जास्त वाटतो.

## दर महिन्याला फोन करणं जमत नाही. वर्षभरासाठी एकच पासवर्ड ठरवला तर?

नेहमीच्या संस्थांसाठी, म्हणजे बँक आणि पीएफ सल्लागार यांच्यासाठी, तिमाहीला एक पासवर्ड ठरवायला हरकत नाही. तो समोरासमोर किंवा फोनवर ठरवा, प्रत्येक संस्थेचा वेगळा ठेवा आणि त्यांच्याकडचा माणूस बदलला की त्याच दिवशी बदला. ‘फाइल मिळाली का’ हा फोन मात्र तरीही करायचा आहे. त्याला एक मिनिट लागतं.

## त्यापेक्षा वनड्राइव्हची लिंक पाठवली तर?

जास्त चांगलं, आणि महापे युनिटने तेच सुरू केलं आहे. लिंक चुकीच्या माणसाला गेली तरी ती बंद करता येते आणि कुणी उघडली हेही कळतं. एकच अट आहे. लिंक बनवताना ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय निवडू नका. ठरावीक व्यक्तींचा पर्याय घ्या, त्यांचा पत्ता टाका आणि सात दिवसांनी लिंक बंद करा. समोरच्याने फाइल उतरवून घेतली असेल तर लिंक बंद करून ती प्रत परत येत नाही, ही मर्यादा राहतेच. म्हणून फाइल साफ करण्याची पायरी लिंकलाही लागू आहे.

## घरी काम करण्यासाठी फाइल स्वतःच्या वैयक्तिक मेलवर पाठवू का? किंवा व्हॉट्सॲपवर?

दोन्ही नको. तुमच्यावर विश्वास नाही असा याचा अर्थ नाही. तुमच्या घरच्या मेलचा पासवर्ड, मुलांच्या हातातला फोन, फोनचा बॅकअप यांची काळजी ऑफिस घेऊ शकत नाही. आणि तुम्ही नोकरी सोडलीत तरी इतरांचे पगार तुमच्या खात्यात पडून राहतात, ते ओझं तुम्हालाही नको असणार.

गरज खरी आहे हे मान्य. जुलैत रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडतात आणि 15 तारीख काही पाऊस थांबायची वाट बघत नाही. त्यासाठी पगाराचं काम करणाऱ्या प्रत्येकाने जूनच्या आत आयटीकडून ऑफिसचा लॅपटॉप आणि व्हीपीएन मागून घ्यावा. मागूनही मिळाला नाही तर मला कळवा, ते माझं काम आहे.

## साहेबांनी मेलवर तातडीने सगळ्यांची पगाराची यादी मागितली. नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका, फोन करा. वरिष्ठांच्या नावाने मेल करून पगारपत्रक मागवणं ही फसवणुकीची जुनी आणि सगळीकडे वापरली जाणारी पद्धत आहे. नाव बरोबर असतं, पत्त्यात एखादं अक्षर वेगळं असतं, आणि ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका’ असं लिहिलेलं असतं. फोन करून खात्री केल्याबद्दल कुणालाही बोल लावला जाणार नाही, हे आपल्या संचालकांनी स्वतः मान्य केलं आहे. “सर, तुमचा मेल आलाय, पाठवते, फक्त खात्री करून घेतली” एवढं बोललात तरी झालं.

## फाइल चुकीच्या पत्त्यावर गेली. आता पहिल्यांदा काय करू?

आयटी डेस्कला फोन करा. अंतर्गत क्रमांक तुमच्या ओळखपत्राच्या मागे छापलेला आहे, रात्रीही उचलला जातो. लक्षात आल्यापासून 15 मिनिटांच्या आत, आधी स्वतः निस्तरून बघण्याआधी.

मी हेच केलं नव्हतं. लोकलमधून मी थेट खोके पुरवणाऱ्यांना फोन लावला. भला माणूस, त्यांनी मेल उघडलाही नव्हता आणि माझ्याशी फोनवर बोलता बोलता काढून टाकला. मला वाटलं, मिटलं. साहेबांना मी सकाळी सांगितलं. दुपारी कळलं की त्यांचे सगळे मेल आपोआप त्यांच्या कल्याणच्या अकाउंटंटकडेही जातात, आणि तिथे बिल समजून फाइल उघडून उतरवून ठेवलेली होती. ती काढून टाकेपर्यंत अठरा तास गेले होते. त्याच संध्याकाळी आयटीला कळवलं असतं तर ‘मेल पुढे कुठे जातो का’ हा प्रश्न त्यांनी पहिल्याच फोनवर विचारला असता. मला तो सुचला नाही.

म्हणून समोरच्याशी बोलताना हे सगळं विचारायचं: इनबॉक्समधून काढला का, Trash मधूनही काढला का (जीमेलमध्ये तिथे तो 30 दिवस राहतो), फाइल डाउनलोड झाली का, फोनवरही तेच खातं आहे का, आणि पुढे कुणाला गेला का. मग ‘काढून टाकलं, प्रत ठेवलेली नाही’ असं दोन ओळींत लेखी मागून घ्या. ‘कृपया आधीचा मेल दुर्लक्षित करावा’ असा मेल आधी पाठवू नका. तो वाचून माणूस पहिल्यांदा आधीचाच मेल उघडतो.

घाईचं दुसरं कारण कायद्याचं आहे. माहिती फुटल्याचं लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं, असा त्यांचा 28 एप्रिल 2022 चा निर्देश आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर चुकून उघड झालेली माहितीही उल्लंघनात मोडते, आणि पुरेशी काळजी न घेतल्यास संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. कुठे, काय, कधी कळवायचं हे ठरवणं आयटी आणि कायदा विभागाचं काम. तुम्ही फक्त वेळेत सांगायचं.

## सांगितलं तर माझ्यावर कारवाई होईल का?

चुकून झालेल्या गोष्टीबद्दल, वेळेत सांगितल्यास, नाही. लेखी ताकीद नाही, मूल्यमापनात नोंद नाही. लपवून ठेवलं किंवा पुरावा राहू नये म्हणून पाठवलेला मेल खोडून टाकला, तर तो वेगळा विषय होतो. ती मेलची प्रत आम्हाला लागते, कारण काय गेलं हे तिच्यावरूनच कळतं.

## ज्यांची माहिती गेली त्यांना सांगायचं का?

होय, आणि एचआरने प्रत्यक्ष बोलून सांगायचं. माझ्या त्या फाइलमध्ये शेऱ्याच्या कॉलमात एका कामगारापुढे ‘कोर्टाच्या आदेशाने पोटगीची कपात’ असं लिहिलेलं होतं. त्यांच्या घरचं हे कारखान्यात कुणालाही माहीत नव्हतं. मी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, “किती जणांनी वाचलं, मॅडम?” मला सांगता आलं नाही. फाइल दोघांकडे गेली होती हे मला माहीत होतं, त्यांपैकी कुणी तो कॉलम उघडला का, हे कळायला काही मार्ग नव्हता.

शेऱ्याच्या कॉलमात असलं काही लिहू नका. कपातीला एक सांकेतिक क्रमांक द्या आणि कारण कागदी फाइलमध्ये ठेवा.

## जुन्या मेलमध्ये अशा कितीतरी फाइली पडून असतील. त्यांचं काय?

असतील, माझ्याही होत्या. आउटलुकमध्ये Sent Items उघडून शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
hasattachments:yes
```

एका बैठकीत सगळं होणार नाही. दर शुक्रवारी अर्धा तास काढून सर्वांत जुन्या वर्षापासून सुरुवात करा. जी फाइल ठेवणं आवश्यक आहे ती सर्व्हरवरच्या विभागाच्या फोल्डरमध्ये न्या, मग मेल काढा आणि Deleted Items रिकामं करा. ज्या मेलवरून वाद किंवा चौकशी चालू आहे त्याला हात लावू नका, आधी कायदा विभागाला विचारा. बाकीच्यांपैकी काय ठेवायचं आणि काय काढायचं याची शंका असेल, तर मी वागळे इस्टेटला सोमवार-मंगळवारी आणि महापेला गुरुवारी असते. लॅपटॉप घेऊन या, शेजारी बसून करू.